पैसे ठरलेले, यादी वाढलेली: मॉस्को पद्धतीने कामांची चाळणी

छोट्या प्रकल्पात पैसे आधी ठरतात आणि कामांची यादी नंतर वाढत जाते. मंजूर रक्कम वाढणार नसते, हाताशी दोन-तीनच माणसे असतात आणि बैठकीत प्रत्येक जण म्हणतो, "एवढं तर हवंच." मग कुणीतरी सुचवते, "मॉस्को करून घेऊ," म्हणजे कामे चार गटांत वाटून घेऊ. फळ्यावर चार रकाने आखले जातात, जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या रकान्यात चिकटतात आणि बैठक संपते. पद्धत वापरल्याचे समाधान मिळते, पण ठरलेले काहीच नसते.

रकाने आखणे सोपे आहे. पहिल्या रकान्यात बजेटचा किती भाग जाऊ द्यायचा, हे ठरवणे अवघड असते आणि पद्धतीचा सगळा उपयोग तिथेच आहे. बऱ्याच ठिकाणी नेमका हाच भाग गाळला जातो. म्हणून एका छोट्या प्रकल्पाचा हिशेब शेवटपर्यंत मांडून तो समजून घेऊ.

## चार गट म्हणजे चार वेगळी वचने

ही पद्धत डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये, ओरॅकल कंपनीत असताना, झटपट सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रकल्पांसाठी मांडली. पुढे डीएसडीएम या कार्यपद्धतीने ती उचलली आणि तिचे नियम पक्के केले. नावाचा रशियाच्या राजधानीशी संबंध नाही. मस्ट, शुड, कुड आणि वोंट या चार गटांची आद्याक्षरे घेऊन, उच्चार करता यावा म्हणून मध्ये दोन 'ओ' घातले आहेत.

मस्ट म्हणजे जे नसेल तर बाकीचे सगळे देऊनही उपयोग नाही. शुड म्हणजे महत्त्वाचे काम, जे नसले तर त्रास होईल, पण काही दिवस हाताने किंवा दुसऱ्या मार्गाने भागवता येईल. कुड म्हणजे असले तर बरे, नसले तर कुणाचे फारसे अडत नाही. आणि वोंट म्हणजे या वेळी नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून लिहून ठेवलेले काम.

या चार गटांकडे महत्त्वाच्या चार पायऱ्या म्हणून पाहिले की गोंधळ सुरू होतो. त्यांच्याकडे वचन म्हणून पाहावे. मस्टची हमी असते. शुड मिळेल अशी रास्त अपेक्षा ठेवायची असते. कुड मिळते ते सगळे सुरळीत पार पडले तर. वोंटबद्दल अपेक्षाच ठेवायची नसते. मागणाऱ्याने आणि काम करणाऱ्याने ही चार वचने सारख्याच अर्थाने घेतली, तरच पुढचा हिशेब टिकतो.

## आधी बजेट दिवसांत मोजा

समजा एका छोट्या वाचनालयाला देवघेवीची संगणक प्रणाली हवी आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी आणि देवघेवीच्या नोंदी सध्या वेगवेगळ्या स्प्रेडशीटमध्ये विखुरलेल्या आहेत. काम दोन जण करणार आहेत आणि मंजूर रकमेत त्या दोघांचे पाच आठवडे बसतात. आठवड्याचे पाच कामाचे दिवस धरले, तर दोघांचे मिळून ५० मनुष्यदिवस होतात. एका माणसाचे एका दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस. यापुढे नुसते 'दिवस' म्हटले तरी अर्थ तोच.

बजेट पैशांत ठेवले की बैठकीतली चर्चा हवेत राहते, कारण कोणत्या सोयीला किती पैसे लागतील हे कुणालाच नीट दिसत नाही. दिवसांत मांडले की प्रत्येक मागणीची किंमत समोर येते. इथे एक पथ्य पाळावे. अंदाज काम करणाऱ्यांनी द्यायचा आणि गट मागणाऱ्यांनी ठरवायचा. काम करणारेच गट ठरवू लागले, तर त्यांना करायला आवडणारी कामे वर चढतात. मागणारेच अंदाज सांगू लागले, तर आठ दिवसांचे काम चार दिवसांचे होऊन बसते.

वाचनालयाच्या समितीने मागण्या सांगितल्या आणि काम करणाऱ्या जोडीने प्रत्येकीसमोर दिवस लिहिले. त्यात चाचणीचा वेळ धरलेला होता. पुस्तकांची नोंद ५, सभासदांची नोंद ४, पुस्तक देणे-घेणे ८, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे १०, नावावरून पुस्तक शोधणे ४, दंडाचा आपोआप हिशेब ३, बारकोड ६, थकीत पुस्तकांची यादी ३, मुदत संपण्याआधी सभासदाला संदेश ४, पुस्तकाचे आरक्षण ५, ऑनलाइन वर्गणी ८ आणि मोबाइल ॲप २०. बैठकीत कुणाच्याच तोंडी न आलेली तीन कामे जोडीने स्वतःहून लिहिली: लॉगिन २, रोजचा बॅकअप २, प्रणाली बसवून शिकवणे ३. अशी १५ कामे झाली आणि बेरीज आली ८७ दिवस. हातात ५०.

## साठ टक्के कशाचे?

पहिल्या फेरीत समितीने १५ पैकी १० कामे मस्टमध्ये टाकली. नोंदी, देणे-घेणे, जुना डेटा, शोध, दंड, बारकोड आणि जोडीची तिन्ही कामे. बेरीज ४७ दिवस. ५० मध्ये ४७ बसतात, मग बिघडले कुठे?

डीएसडीएमचा सल्ला असा की मस्टची कामे एकूण श्रमाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नयेत. कुडसाठी साधारण २० टक्के ठेवावेत आणि मधले २० टक्के शुडचे. ही टक्केवारी काढताना तीन वेगळी उत्तरे निघू शकतात आणि त्यातले एकच बरोबर आहे. कामांची संख्या मोजली तर १५ पैकी १०, म्हणजे ६७ टक्के. पूर्ण यादीच्या दिवसांशी तुलना केली तर ८७ पैकी ४७, म्हणजे ५४ टक्के, आणि वाटते की आपण मर्यादेत आहोत. पण या ८७ मध्ये मोबाइल ॲपचे २० दिवस आहेत आणि ते या वेळी होणारच नाहीत. न होणारी कामे भागाकारात धरली की टक्केवारी दिसायला छान होते, पण खोटी ठरते. बरोबर तुलना हातातल्या ५० दिवसांशी करायची. ४७ भागिले ५०, म्हणजे ९४ टक्के.

९४ टक्के का धोक्याचे? परीक्षेतल्या सक्तीच्या प्रश्नांनाच तीन तासांतली दोन तास पन्नास मिनिटे लागणार असतील, तर एखादा प्रश्न थोडा लांबला तरी शेवटचा सक्तीचा प्रश्न कोरा राहतो. पर्यायी प्रश्नांना भरपूर वेळ ठेवला असता, तर तोच लांबलेला वेळ त्यांच्यातून निघाला असता. प्रकल्पातही अंदाज चुकणारच असतात. चूक झाली की ती कुणाच्या वाट्यातून भरून काढायची, हे कुड आणि शुडच्या ४० टक्क्यांनी आधीच ठरवलेले असते. कुड हा गट त्यासाठी उघडपणे राखून ठेवलेला साठा आहे.

## 'सगळंच महत्त्वाचं आहे' या वाक्याला उत्तर

महत्त्व विचारले की सगळेच महत्त्वाचे ठरते. म्हणून प्रश्न बदलावा. "ठरलेल्या दिवशी ही एकच गोष्ट तयार नसेल, तर प्रणाली सुरू करायची की पुढे ढकलायची?" पुढे ढकलावी लागेल असे उत्तर आले तर मस्ट. कुरकुरत का होईना, सुरू करू असे आले तर शुड. कुणाच्या लक्षातही येणार नाही असे असेल तर कुड. ज्यावाचून कायदा मोडतो किंवा कुणाला इजा होऊ शकते, ते मात्र न विचारता मस्ट.

बारकोडवर ग्रंथपाल आणि प्रोग्रामर यांचे बोलणे साधारण असे चालते.

"बारकोड नको म्हणता? काउंटरवर रांग लागते हो आमच्याकडे."

"मॅडम, आज पुस्तकावरचा दाखलक्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकता ना? तोच क्रमांक नव्या पडद्यावर टाइप केला तर चालेल?"

"चालेल, पण वेळ लागेल."

"स्प्रेडशीटमध्ये टाकण्यापेक्षा जास्त?"

"नाही, तेवढाच. कदाचित कमीच."

"मग पहिल्या दिवशी बारकोड नसेल तर सुरुवात पुढे ढकलायची का?"

"नाही, तसं नको."

बारकोड मस्टमधून खाली आला. प्रोग्रामरने वाद घातला नाही, बारकोडचे महत्त्वही नाकारले नाही. आज काम कसे चालते ते विचारले आणि नव्या प्रणालीत तेवढे तरी चालेल का, याची खात्री केली. 'हाताने भागते का' हा प्रश्न मस्ट आणि शुडची सीमा आखतो. शुड आणि कुडची सीमा आखायला आणखी एक प्रश्न लागतो: किती जणांना आणि किती वेळा त्रास होणार? नावावरून पुस्तक शोधण्याची सोय नसेल तर दिवसभर प्रत्येक दुसरा वाचक अडेल, म्हणून ते शुड. संदेश गेला नाही तर सभासद पूर्वीसारखी तारीख लक्षात ठेवेल, म्हणून ते कुड.

सुरुवातच उलटी करावी, असे माझे ठाम मत आहे. सगळी कामे आधी वोंटमध्ये ठेवायची आणि प्रत्येकाला वर चढण्याचे कारण मागायचे. मस्टमधून खाली उतरवणे म्हणजे कुणाच्या तरी हातातून काढून घेणे, आणि त्यावर माणसे अडून बसतात. वर चढवताना तीच माणसे शांतपणे कारण सांगतात.

## मोठे काम फोडले की मस्ट हलके होते

यादीतली कामे ठोकळ्यासारखी असतात आणि बहुतेक ठोकळ्यांत मस्ट आणि वोंट एकत्र चिकटलेले असतात. 'जुन्या नोंदी आणणे, १० दिवस' हेच घ्या. त्यात चार गोष्टी आहेत: पुस्तकांची यादी, सभासदांची यादी, सध्या कुणाकडे कोणते पुस्तक आहे याची नोंद, आणि गेल्या अनेक वर्षांच्या देवघेवीचा इतिहास. पहिल्या तीन नसतील तर पहिल्याच दिवशी परत आलेले पुस्तक कुणाचे हे कळणार नाही. इतिहास मात्र जुन्या स्प्रेडशीटमध्ये सुखरूप आहे. लागेल तेव्हा तिथे पाहता येतो. तर पहिल्या तीन गोष्टींचे ६ दिवस मस्टमध्ये आणि इतिहासाचे ४ दिवस वोंटमध्ये गेले.

दंडाचेही तसेच. परत करण्याची तारीख पडद्यावर दिसणे हे देण्या-घेण्याच्या कामातच येते, ते मस्ट. त्या तारखेवरून दंडाचा आकडा आपोआप येणे ही सोय, ती शुड. ग्रंथपाल तारीख पाहून दंड तोंडी काढू शकतात.

एवढे केल्यावर यादी अशी झाली.

- मस्ट, ३० दिवस: पुस्तकांची नोंद ५, सभासद ४, देणे-घेणे ८, चालू नोंदी आणणे ६, लॉगिन २, बॅकअप २, बसवणे व शिकवणे ३
- शुड, १० दिवस: नावावरून शोध ४, थकीत यादी ३, दंडाचा हिशेब ३
- कुड, १० दिवस: बारकोड ६, संदेश ४
- वोंट: मोबाइल ॲप, ऑनलाइन वर्गणी, आरक्षण, जुना इतिहास

मस्ट बरोबर ६० टक्क्यांवर आले. कुणाचीही मागणी फेकून दिलेली नाही, पण कोणती केव्हा सोडायची हे आधीच कागदावर आहे. बॅकअपसारखी न दिसणारी कामे मात्र मस्टमधून हलवू नयेत. त्यांच्या बाजूने बोलणारे बैठकीत कुणी नसते, त्यामुळे दिवस कमी पडले की पहिला हात त्यांच्यावरच पडतो.

## लपलेली साखळी तपासा

मस्टचे काम कुडवर अवलंबून असता कामा नये. हे ऐकायला सोपे वाटते, पण चूक सहसा आराखड्यात लपून आत येते.

समजा देण्या-घेण्याचा पडदा आखताना गृहीत धरले की क्रमांक स्कॅनरनेच येणार, आणि टाइप करण्याची चौकटच ठेवली नाही. यादीत बारकोड कुडमध्ये आहे, पण प्रत्यक्षात तो मस्ट झाला, आणि हे कुणी लिहूनही ठेवले नाही. चौथ्या आठवड्यात बारकोड सोडायची वेळ आली की मग कळते की तो सोडताच येत नाही. उपाय साधा आहे. पडद्यावर दाखलक्रमांकाची साधी चौकट ठेवायची. बहुतेक बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखेच वाटतात आणि वाचलेला क्रमांक त्याच चौकटीत उमटवतात. त्यामुळे बारकोड नंतर आला तरी पडदा नव्याने बांधावा लागत नाही. बारकोडच्या ६ दिवसांत मुख्यतः लेबले तयार करणे, ती योग्य पुस्तकाशी जोडणे आणि स्कॅनर तपासणे हे काम असते.

यादी पक्की करण्याआधी प्रत्येक मस्टसमोर विचारावे, "कुड आणि शुडमधले सगळे नाहीसे झाले तर हे एकटे चालेल का?" अर्ध्या तासाचे काम आहे, पण फार महागड्या चुका त्यात सापडतात.

## दर आठवड्याला काय मोजायचे

गट ठरले म्हणजे काम संपले असे नाही. दर शुक्रवारी दोनच आकडे लागतात: हातात उरलेले दिवस आणि मस्टला अजून लागणारे दिवस. 'काम ७० टक्के झाले' यासारखे उत्तर घेऊ नये. झालेल्याची टक्केवारी बहुधा मनाला बरे वाटेल अशीच निघते. उरलेल्याचा अंदाज दर वेळी नव्याने करायला लावावा.

आपल्या वाचनालयात दुसऱ्या आठवड्याअखेर २० दिवस खर्च झाले आणि ३० उरले. आखणीप्रमाणे मस्टचे १० दिवस उरायला हवे होते, पण नवा अंदाज १७ आला. जुन्या यादीत एकच सभासद दोन वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेला होता आणि काही पुस्तकांना तोच दाखलक्रमांक दोनदा दिलेला होता. त्या साफसफाईत ४ दिवस वाढले. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असतात हे देण्या-घेण्यात धरलेले नव्हते, तिथे ३.

आता हिशेब असा. उरलेल्या ३० दिवसांतून मस्टचे १७ आणि शुडचे १० वजा केले की ३ राहतात. बारकोडला ६ लागतात, संदेशाला ४. दोन्ही बसत नाहीत. म्हणून त्याच शुक्रवारी समितीला सांगितले की कुडमधले काहीही येणार नाही. हे दुसऱ्या आठवड्यात सांगितले गेले, याला फार महत्त्व आहे, कारण तोपर्यंत बारकोडवर एकही दिवस खर्च झालेला नव्हता. अर्धवट सोडलेले काम सर्वांत महाग पडते. दिवस जातात आणि हातात काही येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात समितीच्या लक्षात आले की सभासदांच्या अनामत रकमेची नोंद यादीत राहूनच गेली. ती नसेल तर सभासदत्व सोडणाऱ्याला किती परत द्यायचे हे कळणार नाही आणि जुनी स्प्रेडशीट समांतर चालवत बसावे लागेल. मस्ट आहे. काम ३ दिवसांचे. मोकळे ३ दिवस होते, ते तिला गेले. यापुढे आणखी एखादे मस्ट आले असते, तर शुडमधले काहीतरी बाहेर काढावे लागले असते. म्हणून गटातल्या गटातही क्रम लावून ठेवावा. इथे शुडमधून आधी दंडाचा हिशेब गेला असता, कारण त्याला हाताने पर्याय आहे. शोध शेवटपर्यंत राखला असता.

शेवटी बेरीज अशी: मस्टचे मूळ ३०, वाढलेले ७, अनामत ३ आणि शुड १०. एकूण ५०. प्रणाली ठरलेल्या दिवशी सुरू होते.

हाच प्रकल्प ४७ दिवसांच्या मस्टने सुरू झाला असता तर? तेच ७ दिवस वाढून ५४ झाले असते आणि अनामत धरून ५७. म्हणजे सात दिवसांचे 'अत्यावश्यक' काम सोडणे भाग पडले असते. ते कोणते, हे कुणी ठरवले नसते. जे शेवटी करायचे म्हणून मागे ठेवले, तेच सुटले असते. आणि शेवटी ठेवलेली कामे सहसा बॅकअप, बसवणे आणि शिकवणे हीच असतात. बारकोड चालतो, पण काउंटरवरच्या माणसाला वापरता येत नाही आणि डिस्क बिघडली तर सगळ्या नोंदी जातात, अशी प्रणाली हातात येते.

## 'त्यापेक्षा अंदाजातच थोडे वाढवून ठेवले तर?'

हा आक्षेप नेहमी येतो. प्रत्येक कामाला दोन दिवस जास्त धरले की कुडची भानगड कशाला? अडचण अशी की कामात लपवलेला जादा वेळ त्या कामातच मुरतो. आठ दिवस मिळाले की सहा दिवसांचे काम आठ दिवस चालते, आणि उरलेले दोन दिवस दुसऱ्या लांबलेल्या कामाला कधी मिळत नाहीत. शिवाय तो वेळ मागणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे पुढच्या बैठकीत तो अंदाज कापू पाहतो. कुडमधला साठा दोन्ही बाजूंना दिसतो. काम सुरळीत झाले तर त्यातून बारकोड मिळतो, नाही झाले तर तो मस्टला वाचवतो.

## 'पैसे पूर्ण देतो, मग कुड का सोडायचे?'

मागणाऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून तो करार करतानाच सोडवावा. करारात मस्टची यादी आणि हमी स्पष्ट लिहावी. शुड देण्याचा प्रयत्न होईल, आणि कुड मस्टसाठी वापरले जाऊ शकते, हेही लिहावे. पैसे ५० दिवसांच्या कामाचे आहेत आणि ते ५० दिवस पूर्ण मिळतात. कोणते काम सोडायचे याचा अंतिम शब्द मागणाऱ्या बाजूच्या एकाच नेमलेल्या व्यक्तीचा असावा. समितीतल्या सहा जणांना सारखाच अधिकार दिला, तर प्रत्येक जण आपापले काम वाचवतो आणि शुक्रवारचा निर्णय पुढच्या महिन्यावर जातो.

प्रत्येक काम ठरलेलेच हवे, त्यात सूट नाही, असा करार असेल तर ही पद्धत वापरण्यात अर्थ नाही. सोडण्यासारखे काहीच नसेल, तर गट पाडूनही हाती काही लागत नाही.

## ६० टक्क्यांवर जाणे कधी चालते?

काही कामे फुटतच नाहीत. यंत्र बसवायचे असेल तर पाया, जोडणी आणि सुरक्षा तपासणी यातले काही सोडता येत नाही आणि मस्ट सहज ८० टक्क्यांवर जाते. अशा वेळी पाहावे की हेच काम, याच माणसांनी, अशाच परिस्थितीत पूर्वी केले आहे का. केले असेल तर अंदाज फारसा चुकणार नाही आणि कमी साठ्यावर भागू शकते. माणसे नवी, तंत्र नवे आणि जुना डेटा कुणी उघडूनही पाहिलेला नाही, अशी स्थिती असेल तर ८० टक्के मस्ट घेऊन सुरुवात करू नये. तिथे पर्याय दोनच राहतात: काम लहान करणे किंवा रक्कम वाढवून घेणे. मस्टला शुडचे लेबल लावून टक्केवारी जुळवली, तर ते काम शेवटी करावेच लागते आणि फक्त आकडे खोटे होतात.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मॉस्को कामाचा क्रम सांगत नाही. सगळे मस्ट आधी उरकायचे असा तिचा अर्थ नाही. चालू नोंदी आणणे हे सर्वांत अनिश्चित काम होते. ते पहिल्या आठवड्यात हाती घेतले, म्हणूनच घोळ दुसऱ्या आठवड्यात उघड झाला. अनिश्चित मस्ट आधी घ्यावे, म्हणजे वाईट बातमी हातात दिवस असताना कळते.

## वोंटच्या यादीचे पुढे काय?

वोंटची यादी फाडून टाकू नये आणि बैठकीच्या टिपणात तळाशी गाडूही नये. मोबाइल ॲप या वेळी नाही, असे लिहिलेले असले की तिसऱ्या आठवड्यात "ॲप कुठवर आलं?" हा प्रश्न येत नाही. त्या यादीचा रचनेलाही उपयोग होतो. ऑनलाइन वर्गणी पुढे येणार हे माहीत असले, तर सभासदाच्या नोंदीत मोबाइल क्रमांक आणि ईमेल आताच घेता येतात आणि त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही.

पुढच्या टप्प्याला पैसे मिळाले की सगळी यादी नव्याने चाळावी. राहून गेलेला बारकोड आपोआप मस्ट होत नाही आणि वोंटमधले आरक्षण आपोआप कुडमध्ये चढत नाही. पाच-सहा महिने प्रणाली वापरल्यावर कदाचित दिसेल की टाइप करून काउंटरची रांग सरकते आहे, पण आरक्षण नसल्यामुळे वाचक रिकाम्या हाती परत जात आहेत. मग आरक्षण शुडमध्ये जाईल आणि बारकोड पुन्हा कुडमध्येच राहील.